मजकूर तुमचा, फाइल कुणाची?

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाइल फिरायला लागते. तिचं नाव साधारण `SOP_final_final2.docx` असं काहीतरी असतं. गेल्या वर्षी एम.एस.साठी अमेरिकेला गेलेल्या कुणा सिनियरने ती ‘फॉरमॅट बघायला’ म्हणून दिलेली असते. धाकटी मंडळी ती उघडतात, सिनियरचा मजकूर पुसतात, त्याच जागी आपला लिहितात, पीडीएफ करतात आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवून मोकळी होतात.

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. मला हाच विषय का शिकायचा आहे, आजवर मी त्यात काय केलं आणि तुमच्याच विभागात का यायचं आहे, हे पान-दोन पानांत सांगणारं निवेदन. ते कसं लिहावं यावर क्लासवाल्यांपासून काका-मामांपर्यंत सगळे सल्ले देतात. ते पानावर कसं मांडावं हे मात्र ‘त्यात काय एवढं’ म्हणून शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं. मांडणीला गुण नसतात हे खरंच आहे. सुबक समास पाहून कुणी प्रवेश देत नाही. पण वाचणाऱ्याची नजर मजकुरावरून हटवण्याचं काम वाईट मांडणी चोख करते, आणि सिनियरच्या फाइलवर बांधलेल्या एसओपीत नजर हटवणाऱ्या गोष्टी ठासून भरलेल्या असतात.

वाचणारा कोण आणि तो कशात वाचतो, हे आधी डोळ्यांसमोर आणू. बहुतेक ठिकाणी विभागातले दोन-तीन प्राध्यापक अर्ज वाटून घेतात. आपल्या दिवसभराच्या कामातून वेळ काढून, बहुधा लॅपटॉपवर, ते एकामागून एक अर्ज उघडतात. एका अर्जात गुणपत्रिका असतात, शिफारसपत्रं असतात, बायोडेटा असतो आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी तुमची दोन पानं. अनेक पोर्टलं हे सगळं जोडून एकच लांबलचक फाइल करतात. प्राध्यापक ती वरून खाली सरकवत जातात. तुमच्या पानांना मिळतात ती काही मिनिटं, आणि त्यांतला थोडासा वेळ जरी ‘हे वाक्य राखाडी का दिसतंय?’ यात गेला, तरी तो तुमच्या प्रोजेक्टच्या वाट्याचा गेला.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, सांगलीची एक मुलगी मेकॅनिकलच्या एम.एस.साठी अर्ज करते आहे. विभागाची सूचना अशी आहे: जास्तीत जास्त दोन पानं, लेटर आकाराचा कागद, चारही बाजूंना एक इंच समास, १२ पॉइंटचं अक्षर, एकेरी अंतर, पीडीएफ. तिने मजकूर लिहिला आहे, चांगला लिहिला आहे, आणि तो वर्डमध्ये बरोबर दोन पानांत बसतो. म्हणजे झालं, असं तिला वाटतं.

झालेलं नाही, कारण तिचा कागद ए-फोर आहे. भारतात विकत घेतलेल्या संगणकावर वर्ड बहुधा ए-फोरच धरून चालतं, आणि आपल्यालाही कागद म्हणजे ए-फोर एवढंच ठाऊक असतं. हे माप जर्मनीने १९२२ साली प्रमाण म्हणून ठरवलं आणि पुढे जवळजवळ सगळ्या जगाने उचललं. अमेरिका आणि कॅनडा मात्र आपल्या लेटर मापावरच राहिले. ए-फोर २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. लेटर साडेआठ इंच बाय अकरा इंच, म्हणजे सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटर. लेटर किंचित रुंद आहे, पण जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर बुटका.

याचा ओळींवर काय परिणाम होतो तो मोजून पाहू. टाइम्स न्यू रोमन हा फाँट १२ पॉइंटवर आणि एकेरी अंतरावर ठेवला, तर वर्डमध्ये एक ओळ १३.८ पॉइंट उंची घेते. एका इंचात ७२ पॉइंट असतात. वरखाली एकेक इंच सोडला की ए-फोरवर मजकुराला ९.६९ इंच उरतात, त्यात ५० ओळी मावतात. लेटरवर उरतात नऊ इंच, तिथे ४६. दोन पानांचा हिशेब केला तर १०० ओळींच्या जागी ९२. लेटरवरची ओळ पाव इंचाच्या आसपास लांब असल्यामुळे त्यातलं थोडं भरून निघतं, तरी ए-फोरवर दोन पानं गच्च भरणारा मजकूर लेटरवर आणल्यावर चार-पाच ओळी तिसऱ्या पानावर सांडतात. ‘जास्तीत जास्त दोन’ म्हटलेल्या ठिकाणी पाच ओळींचं तिसरं पान फार वाईट दिसतं. ते नुसतं दिसण्यापुरतंही राहत नाही, कारण काही विभाग मर्यादेबाहेरचं पान वाचतच नाहीत, आणि तिसऱ्या पानावर नेमका आपला समारोप असतो.

म्हणून कागदाचा आकार पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावा. वर्डमध्ये `Layout > Size > Letter`, गुगल डॉक्समध्ये `File > Page setup`. जर्मनीला किंवा इंग्लंडला अर्ज करणाऱ्यांनी ए-फोरच ठेवावा, त्यांचा घरचा कागद तोच आहे. आणि अमेरिकेच्या विभागाने आकाराबद्दल काहीच म्हटलं नसेल तर ए-फोर पाठवल्याने आभाळ कोसळत नाही. कुणी छापलंच तर प्रिंटर पान सुमारे ९४ टक्क्यांवर आणून बसवतो, अक्षर जरा बारीक होतं, इतकंच. जिथे पानांची मर्यादा आणि आकार दोन्ही सांगितले आहेत, तिथे मात्र ही चूक महागात पडते.

आता त्या सांडलेल्या पाच ओळींचं काय करायचं? इथे हात आपोआप चुकीच्या जागी जातो. समास ०.९ इंच करू, अक्षर साडेअकरा करू, ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली १२’ करून थोडं दाबू, कुणाला कळतंय? शेजारीशेजारी पन्नास अर्ज पाहणाऱ्याला कळतं. बाकीची पानं एका घडणीची आणि मध्येच एक काळंकुट्ट, घुसमटलेलं, हे मोजपट्टी न लावता दिसतं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची एक मोठी संशोधन-फेलोशिप आहे, १९५२ पासून चालत आलेली. तिथे दोन निवेदनं चढवावी लागतात, एक तीन पानांचं आणि एक दोन पानांचं. त्यांच्या नियमावलीत समास, किमान ११ पॉइंटचं अक्षर वगैरे तर असतंच, शिवाय ‘एक्झॅक्टली ११ पॉइंट’सारखी, एकेरीपेक्षा कमी अंतर देणारी सोय वापरू नका, असंही लिहिलेलं असतं. ही युक्ती इतक्या जणांनी करून पाहिली की तिला नियमात जागा मिळाली. नियम मोडलेला अर्ज तिथे न तपासता परत जातो. ही फेलोशिप अमेरिकेच्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांनाच मिळते, त्यामुळे आपल्या सांगलीच्या मुलीला तिचा उपयोग नाही. तिकडेच जन्मलेल्या तिच्या एखाद्या मावसभावाला असू शकतो.

पाच ओळी वाचवण्याचा सरळ मार्ग मजकुरातूनच जातो, आणि वाटतो तितका अवघड नसतो. प्रत्येक परिच्छेदाची शेवटची ओळ पाहायची. ज्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकदोनच शब्द लोंबकळत आहेत, तिथे दोन-तीन शब्द कापले की अख्खी ओळ वाचते. दोन पानांत सात-आठ परिच्छेद असतात, त्यांतले तीन-चार तरी असे निघतात. ‘आय वुड लाइक टु से दॅट’ गेलं तर कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही. उरलेल्या ओळीसाठी ‘लहानपणापासूनच मला यंत्रांची आवड होती’ या जातीचं वाक्य शोधावं. ते बहुतेक सापडतंच.

याच्या उलट अडचणही येते. सूचना एकेरी अंतराची आहे, मजकूर तेवढाच आहे, तरी पानं जास्त का होतात? कारण वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्या नवी फाइल उघडतात तेव्हा अंतर एकेरी नसतंच. ते एकेरीपेक्षा थोडं जास्त असतं, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर ८ पॉइंटची मोकळी जागा सोडलेली असते. गुगल डॉक्समध्ये ते १.१५ पट असतं. त्यातच आपण परिच्छेद संपला की सवयीने दोनदा एंटर मारतो. मोकळी जागा दुप्पट, कधी तिप्पट. परिच्छेदांमध्ये एकतर मोकळी जागा ठेवावी किंवा पहिली ओळ आत सरकवावी, दोन्ही एकदम नकोत. मोकळी जागा ठेवायची तर ती परिच्छेदाच्या सेटिंगमधून, सगळीकडे सारखी द्यावी. मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा सोडलेला बरा. दोन्ही बाजूंनी सरळ केला की वर्ड शब्दांमधली जागा ताणतं, आणि इंग्रजीतले लांब तांत्रिक शब्द ओळीच्या टोकाला आले तर ओळीत भोकं पडल्यासारखी दिसतात.

फाँटबद्दल लोक उगीच फार डोकं खपवतात. टाइम्स न्यू रोमन १९३२ साली लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकासाठी आला, कमी जागेत जास्त मजकूर वाचनीय राहावा म्हणून, आणि ते काम तो अजून करतो. जॉर्जिया पडद्यावर वाचण्यासाठीच घडवलेला आहे, पण जरा ऐसपैस असल्याने पानं वाढवतो. कॅलिब्री, केंब्रिया, गॅरामंड, काहीही चालेल. संगणकशास्त्राची मुलं लेटेकमध्ये लिहितात, तिथला कंप्यूटर मॉडर्न प्राध्यापकांच्या रोजच्या डोळ्याखालचा असतो. अट एवढीच की पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकच फाँट, एकच आकार आणि एकच काळा रंग हवा.

ही अट सोपी वाटते. पण आपल्या सांगलीच्या मुलीच्या फाइलमध्ये ती तीन ठिकाणी मोडली आहे. प्राध्यापकांचं नाव आणि त्यांच्या प्रयोगशाळेचं नाव तिने विभागाच्या संकेतस्थळावरून कॉपी केलं. संकेतस्थळावरची अक्षरं बऱ्याचदा पूर्ण काळी नसतात, गडद राखाडी असतात, आणि पेस्ट करताना तो रंग, तो फाँट, तो आकार सगळं बरोबर येतं. लॅपटॉपच्या पडद्यावर तिला फरक दिसला नाही. वाचणाऱ्याला मात्र दिसतं की सबंध परिच्छेद काळा, आणि नेमकं माझं नाव आणि माझ्या कामाचं वर्णन राखाडी, वेगळ्या अक्षरात. हे वाक्य लिहिलेलं नसून चिकटवलेलं आहे, असं त्याला वाटलं तर त्याचा दोष नाही. दुसरं ठिकाण म्हणजे अवतरणचिन्हं. काही तिरपी, काही सरळ, कारण काही मजकूर फोनवर लिहिला होता. तिसरं, एका वाक्यानंतर दोन स्पेस. ती सिनियरच्या मजकुराची उरलेली खूण.

हे काढायला फार काही लागत नाही. बाहेरचं काहीही आणताना पेस्टच्या पर्यायांतला `Keep Text Only` निवडायचा, म्हणजे नुसती अक्षरं येतात, पेहराव येत नाही. आधीच आलेलं असेल तर `Ctrl+A` करून सगळा मजकूर निवडायचा, एकच फाँट, एकच आकार द्यायचा आणि रंग काळा करायचा. ‘ऑटोमॅटिक’ म्हटलं तरी चालतं. यात मुद्दाम तिरपे केलेले शब्द, म्हणजे एखाद्या नियतकालिकाचं नाव, शाबूत राहतात. मग `Ctrl+Shift+8` दाबलं की स्पेस ठिपक्यांसारख्या आणि एंटर चिन्हासारखे दिसू लागतात. सिनियरचं घर किती भरलेलं होतं ते तेव्हा कळतं.

मथळ्यांचं थोडक्यात सांगता येईल. दोन पानांच्या निवेदनात पोटमथळे नकोत. ‘माय बॅकग्राउंड’, ‘माय गोल्स’ अशा पाट्या लावल्या की परिच्छेद एकमेकांना बांधण्याची जबाबदारी लेखकावरून उतरते, आणि निवेदन फॉर्म भरल्यासारखं होतं. अपवाद एकच. विभागाने चार प्रश्न क्रमांक घालून विचारले असतील आणि प्रत्येकाचं उत्तर मागितलं असेल, तर तेच क्रमांक वापरून छोटे ठळक मथळे द्यावेत, वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. एरवी पहिल्या पानावर वर एक ओळ पुरते: `Statement of Purpose`, खाली विषय आणि सत्र. तीही मजकुराच्याच आकारात, ठळक. अठरा पॉइंटचं, मधोमध, अधोरेखित आणि निळं शीर्षक ही आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची सवय आहे. तिथे ती शोभते. इथे ती दोन ओळींची जागा खाते.

प्रत्येक पानावर वर समासात नाव आणि पानाचा क्रमांक असावा, अर्जाचा क्रमांक मिळालेला असेल तर तोही. अनेकांच्या कागदपत्रांच्या ढिगात दुसरं पान सुटं झालं तरी ते कुणाचं हे कळतं. पण इथेही विभागाची सूचना वरचढ. मघाच्या फेलोशिपमध्ये समासात नाव, पानक्रमांक, काहीही नको असं स्पष्ट सांगितलेलं असतं. सूचना आणि हा लेख यांत भांडण झालं तर लेख बाजूला ठेवावा.

नावाचा एक आपल्याकडचा गुंता आहे. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं नाव व वडिलांचं नाव मिळून एका रकान्यात असतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. शिफारस देणारे सर घरगुती स्पेलिंग लिहितात. निवेदनाच्या डोक्यावर आणि फाइलच्या नावात मात्र अर्जात जे नाव, ज्या स्पेलिंगने भरलं आहे तेच हवं. Dipak आणि Deepak हा फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो. कागद जुळवणाऱ्या कारकुनाला तो दोन माणसांचा वाटू शकतो.

आता फाइलकडे येऊ. वर्डची फाइल तशीच चढवू नये, पोर्टल घेत असलं तरी. याचं कारण मराठी टंकलेखन केलेल्या कुणालाही दोन मिनिटं समजावावं लागणार नाही. श्रीलिपीत टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फाँट नसला, की मजकुराच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते. इंग्रजीत इतकी दुर्दशा होत नाही. पण वाचणाऱ्याकडे तुमचा फाँट नसला तर दुसरा बसवला जातो, ओळी वेगळ्या तुटतात, आणि घासूनपुसून दोन पानांत बसवलेलं निवेदन पुन्हा तिसऱ्या पानावर जातं. पीडीएफमध्ये फाँट फाइलच्या पोटातच भरलेले असतात, म्हणून पान सगळीकडे तेच दिसतं. हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ साली आणलं आणि २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे.

पीडीएफ वर्डमधूनच करावी, `Save As` मधून. प्रिंट काढून, सही करून, झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून आणलेली पीडीएफ हा आपल्या सरकारी अर्जांचा संस्कार आहे. निवेदनावर सही कुणी मागत नाही. स्कॅन केलेलं पान म्हणजे पानाचा फोटो. जरा वाकडं, पाठीमागे करडी सावली, आकार काही एमबी. दोन पानांची सरळ केलेली पीडीएफ बहुधा एक-दोनशे केबीत बसते. शिवाय फोटोतल्या मजकुरात शब्द शोधता येत नाही, आणि डोळ्यांनी अधू असलेला वाचक जे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो त्याला तिथे अक्षरं सापडतच नाहीत. ओळखायचं कसं? पीडीएफ उघडून माउसने एखादं वाक्य निवडून पाहावं. शब्द निळे होत गेले तर मजकूर आहे. सबंध पानावर चौकोनच ओढला गेला तर फोटो. फाइलला पासवर्ड लावू नये हेही जाता जाता, कारण कुलूपबंद फाइल अनेक पोर्टलांना उघडता येत नाही.

पीडीएफ झाल्यावर अडोबी रीडरमध्ये `Ctrl+D` दाबावं. एक छोटी खिडकी उघडते. `Description` या भागात पानाचा आकार दिसतो, तिथे `8.50 x 11.00 in` हवं. `Fonts` या भागात फाँटांची यादी दिसते. प्रत्येक नावापुढे `Embedded Subset` लिहिलेलं असावं, म्हणजे तो पोटात आहे. आणि यादी छोटी असावी: टाइम्स न्यू रोमन, त्याचा ठळक, त्याचा तिरपा. तिथे एरियल किंवा रोबोटो दिसला तर कुठलं तरी चिकटवलेलं वाक्य अजून लपलेलं आहे. आपल्या सांगलीच्या मुलीने एवढं केलं असतं तर राखाडी वाक्य तिथेच सापडलं असतं.

याच खिडकीत आणखी दोन ओळी असतात, आणि मुळात सिनियरच्या फाइलचा विषय मी त्यांच्यासाठीच काढला: `Title` आणि `Author`. वर्डची फाइल पहिल्यांदा ज्याने बनवली त्याचं नाव तिच्या गुणधर्मांत नोंदलं जातं. मजकूर पुसला म्हणून ते पुसलं जात नाही. पीडीएफ करताना ते तसंच पुढे जातं. शीर्षकाच्या रकान्यात काही भरलेलं असलं तर तेही जातं, आणि गंमत अशी की क्रोममध्ये पीडीएफ उघडली की वर टॅबवर फाइलचं नाव नाही, हे शीर्षक दिसतं. म्हणजे फाइलला तुम्ही कितीही नेटकं नाव दिलंत, तरी प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर टॅबवर दुसऱ्याच विद्यापीठाचं किंवा दुसऱ्याच विद्यार्थ्याचं नाव झळकू शकतं. मजकूर शब्दन्‌शब्द तुमचा असला तरी वाचणाऱ्याच्या मनात ‘हे कुणाचं?’ हा प्रश्न उभा राहिला. आणि तो निरुत्तर राहतो, कारण तुम्ही तिथे नसता.

उपाय दोन. सिनियरची फाइल वाचायला ठेवावी, लिहायला कोरी फाइल उघडावी. हा उत्तम. उशीर झाला असेल तर वर्डमध्ये `File > Info > Check for Issues > Inspect Document` असं जाऊन जुने गुणधर्म, टिप्पण्या आणि दुरुस्त्यांच्या खुणा शोधून काढता येतात. दुरुस्त्यांच्या खुणांची गोष्ट गमतीची नाही. सरांनी लाल रंगात केलेल्या दुरुस्त्या पडद्यावर दडवून ठेवल्या तरी त्या फाइलमध्ये असतात. पीडीएफ करताना पर्याय चुकला तर ‘धिस सेंटेन्स इज वीक’ हा सरांचा शेरा समासात छापून विद्यापीठात पोचतो. आधी सगळ्या दुरुस्त्या स्वीकारून किंवा नाकारून खुणा संपवाव्यात, मग पीडीएफ.

फाइलच्या नावात तीन गोष्टी पुरतात: आडनाव, कागद कोणता, विषय. उदाहरणार्थ `Patil_SOP_MechE.pdf`. स्पेसऐवजी खालची रेघ, कारण इंटरनेटवरून जाताना स्पेसचं `%20` होतं. `&`, `#`, `/` ही चिन्हं नकोत, देवनागरी अक्षरं नकोत. नुसतं `SOP.pdf` असं नाव पोर्टलवर खपून जातं, पण विभागाला ई-मेलने पाठवायची वेळ आली तर त्यांच्याकडे त्याच नावाच्या वीस फाइली असतात. `final2` नको हे सांगायला नको. दहा विद्यापीठांना अर्ज करणाऱ्यांनी विद्यापीठाचं नाव फाइलमध्ये ठेवावं की नाही? आपल्या संगणकावर प्रत्येकासाठी वेगळं फोल्डर करावं आणि आतल्या फाइलचं नाव सगळीकडे सारखं ठेवावं, असं माझं मत. नावातच विद्यापीठ असलं की एकाची फाइल दुसऱ्याकडे गेल्यावर ती चूक झाकलीही जात नाही. अर्थात मजकुरातलं विद्यापीठाचं नाव `Ctrl+F` ने शोधून पाहणं कुठलंही फोल्डर टाळू शकत नाही.

सगळीकडे फाइल चढवायचीच असते असं नाही. काही ठिकाणी मजकूर चौकटीत पेस्ट करायचा असतो. ब्रिटनच्या पदवी-प्रवेशाचं यूकास हे त्यातलं ठळक नाव, तिथे स्पेससकट ४००० अक्षरांची मर्यादा आहे. अशा चौकटीत ठळक, तिरपं, समास यांपैकी काहीच टिकत नाही, त्यामुळे आधी साध्या नोटपॅडमध्ये मजकूर उतरवून तिथून नेलेला बरा.

फाइल चढली की बहुतेक पोर्टलं ‘प्रिव्ह्यू’ किंवा ‘प्रूफ’ दाखवतात. प्राध्यापकांना जे दिसणार ते हेच. ते उघडून दोन्ही पानं शेवटच्या ओळीपर्यंत पाहावीत, शक्य झालं तर फोनवरही, कारण छोट्या पडद्यावर राखाडी आणि काळा यांतला फरक कधी कधी अधिक डोळ्यांत भरतो. पोर्टलने फाइल स्वतःच्या स्वरूपात बदलताना एखादं चिन्ह खाल्लं असेल, तर ‘सबमिट’च्या आधी फाइल काढून पुन्हा चढवता येते. नंतर बहुधा नाही. सबमिट झाल्यावर एखादं स्पेलिंग चुकलेलं सापडलं तर गप्प बसावं, त्यासाठी ई-मेल करणं म्हणजे चूक बोट दाखवून सांगणं. दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव गेलं असेल किंवा एक पान राहिलं असेल, तर प्रवेश कार्यालयाला तीन ओळींचं पत्र लिहावं, दुरुस्त पीडीएफ जोडावी आणि अर्जाचा क्रमांक विषयाच्या ओळीतच द्यावा. काही कार्यालयं ती बदलून देतात, काही नियमावर बोट ठेवतात.